कापूस दिसला की सूर दुःखी? एका अपठित कवितेच्या उत्तराचं प्रकरण

मी यवतमाळ जिल्ह्यात, राळेगावकडच्या एका गावात दहावीला मराठी शिकवते. बोर्डाच्या मराठी कुमारभारतीच्या पेपरात अपठित उतारा गद्याचा असतो, कविता पुस्तकातल्याच येतात. तरीही शाळेच्या सराव पेपरात मी दरवर्षी एक अपठित कविता घालते. पुस्तकातल्या कवितेचं रसग्रहण मुलं गाईडमधून पाठ करून येतात, आणि मग त्यांना कविता वाचता येते की नाही हे मला कधी कळतच नाही. कुठल्याही गाईडात सापडू नये म्हणून ती कविता मी स्वतःच लिहिते.

गेल्या हिवाळ्यातल्या पेपरात एका मुलीला या कवितेवर आठपैकी दोन गुण मिळाले. मुलगी हुशार आहे, तिचं व्याकरण स्वच्छ आहे, निबंधात ती वर्गात पुढे असते. तिची आई हंगामात वेचणीला जाते आणि सुट्टीच्या दिवशी ही पण जाते. कविता कापूस वेचण्यावरचीच होती. ज्या कामातलं तिला माझ्यापेक्षा दसपट कळतं, त्याच कामावरच्या कवितेत ती अडखळली. ती का अडखळली हे शोधण्यात आमचे तीन दिवस गेले. ते इथे सविस्तर मांडते आहे.

आधी कविता.

भल्या पहाटे आई निघते पऱ्हाटीत,
कमरेला रिकामी ओटी बांधून.
धुऱ्यावर उभं धुकं म्हणतं,
थांब, अजून उजाडलं नाही.
ती म्हणते, तुझं बरं आहे बाबा,
मला सांजेपर्यंत उतरवायचंय आभाळ.

एकेका बोंडातून ती काढते ढग,
बोंडाचे काटे बोचतात बोटांना;
ढग मात्र मऊच राहतो,
तिचा हात तो ओळखतो, वाटतं.

संध्याकाळी काट्यावर
आभाळाचं वजन होतं, चाळीस किलो.
आई हसते, म्हणते, हलकंच होतं रे,
आणि बोटं मुठीत लपवते.

प्रश्न तीन होते. पहिला, कवितेत कोण बोलत आहे ते लिहून ते कशावरून ओळखलं हे सांगा, दोन गुण. दुसरा, ‘ढग’ आणि ‘आभाळ’ या प्रतिमांतून काय सूचित होते, तीन गुण. तिसरा, कवितेचा सूर कोणता आहे आणि तो शेवटपर्यंत तसाच राहतो का, ओळींच्या आधारे लिहा, तीन गुण. वर ठळक सूचना होती की उत्तरे पूर्ण वाक्यांत लिहावीत.

तिने लिहिलेलं जसंच्या तसं देते.

पहिल्याचं उत्तर: “मुलगा.”

दुसऱ्याचं: “ढग = कापूस. आभाळ = कापूस. उत्प्रेक्षा अलंकार.”

तिसऱ्याचं: “कवितेचा सूर दुःखी आहे. कारण शेतकरी खूप कष्ट करतो. त्याच्या मालाला भाव मिळत नाही. तो कर्जबाजारी होतो. पाऊस वेळेवर पडत नाही. त्यामुळे शेतकरी आत्महत्या करतात. आपण शेतकऱ्याला मदत केली पाहिजे.”

पहिल्याला एक, दुसऱ्याला एक आणि तिसऱ्याला शून्य. शून्य देताना माझा हात थांबला, कारण तिने लिहिलेलं एकही वाक्य खोटं नाही. आमच्या भागात ते कोणाच्या ना कोणाच्या घरात घडलेलं आहे. पण कवितेत शेतकरी हा शब्द नाही. भाव नाही, कर्ज नाही, पाऊसही नाही. ही बाई स्वतःच्या शेतात वेचते की दुसऱ्याच्या, एवढंसुद्धा कविता सांगत नाही. तिने पहिल्या ओळीत पऱ्हाटी पाहिली आणि पुढची तेरा ओळींची कविता बाजूला ठेवून पाचवीपासून लिहीत आलेला निबंध उतरवला. त्या वेळी वर्गातल्या चौतीस पेपरांपैकी एकोणीस पेपरांत सुराला ‘दुःखी’ म्हटलेलं होतं आणि त्यांतल्या बहुतेकांत भाव किंवा कर्ज होतंच. म्हणजे चूक एकट्या तिची नव्हती. तिच्याबरोबर बसायचं ठरवलं, कारण तिला राग आला होता आणि तिने तो बोलून दाखवला.

“मॅडम, कापसाची कविता हाय, मंग दुःखीच असंल ना?”

इथे मी तिला एकच गोष्ट सांगितली आणि पुढचं सगळं काम तिच्यावर उभं राहिलं. कविता कशावर आहे तो विषय. वाचून आपल्याला काय वाटलं तो आपला भाव. बोलणारा माणूस त्या विषयाबद्दल कोणत्या आवाजात बोलतो तो सूर. कष्ट हा विषय असताना सूर रागाचा असू शकतो, थट्टेचा असू शकतो, कौतुकाचा असू शकतो. तिला हे पटलं नाही, म्हणून तिच्याच घरातलं उदाहरण घेतलं. आई “आली का शाळेतून” असं म्हणते. शब्द तेच तीन. पण उशीर झाला असेल तर एका आवाजात, ताप असेल तर दुसऱ्या आवाजात आणि बक्षीस घेऊन आली असेल तर तिसऱ्या. घरात पाऊल टाकायच्या आत तिला आवाज कळतो. कवितेत आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो कागदावरच्या शब्दांतून काढावा लागतो. तो मोठ्या शब्दांत कमी आणि लहान शब्दांत जास्त असतो.

मग पेन्सिल दिली आणि सांगितलं, या कवितेतले असे शब्द खुणव, जे काढले तरी अर्थ तोच राहील. तिला प्रश्न विचित्र वाटला. पण पाच मिनिटांत तिने ‘मात्र’, ‘मऊच’मधला ‘च’, ‘वाटतं’, ‘हलकंच’मधला ‘च’, ‘रे’ आणि ‘बाबा’ एवढं काढलं. आता ओळी दोनदा वाचायच्या, एकदा शब्द काढून आणि एकदा ठेवून.

“ढग मऊ राहतो.” “ढग मात्र मऊच राहतो.”

पहिली ओळ म्हणजे नुसती माहिती. दुसऱ्या ओळीत बोलणाऱ्याला नवल वाटलेलं आहे. काटे बोचतात, बोटं सोलतात, आणि तरी कापसाला त्याचा पत्ता नाही, हे त्याला पाहून ठेवावंसं वाटलं. ‘तिचा हात तो ओळखतो’ या ओळीपुढचा ‘वाटतं’ काढला तर ते विधान होतं. ठेवला तर तो एका लहान मुलाचा अंदाज होतो, आणि त्या अंदाजात आईबद्दलचं कौतुक आहे.

याच ‘वाटतं’मुळे तिने ‘उत्प्रेक्षा’ लिहिलं होतं हे मला तेव्हा लक्षात आलं. वर्गात आपणच शिकवतो की जणू, गमे, वाटे, भासे असे शब्द दिसले की उत्प्रेक्षा ओळखा. ती युक्ती भाषाभ्यासाच्या प्रश्नात कामी येते. इथे प्रश्नाने अलंकाराचं नाव विचारलेलंच नाही. शिवाय तो ‘वाटतं’ ढग-कापसाच्या सारखेपणाबद्दल नाही, हात ओळखण्याबद्दल आहे. अलंकाराचं नाव लिहिलं की मुलांना उत्तर संपल्यासारखं वाटतं आणि त्याच जागी प्रतिमेचं काम सांगायचं राहून जातं. म्हणून प्रतिमेच्या प्रश्नात अलंकाराचं नाव लिहू नका असंच मी आता वर्गाला सांगते. लिहिलं म्हणून गुण जात नाहीत, पण त्याने मिळतही नाहीत.

शेवटच्या दोन ओळींकडे आलो तेव्हा मी काही विचारलं नाही. तिला फक्त “हलकं होतं” आणि “हलकंच होतं रे” असं मोठ्याने म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा म्हणताना ती मध्येच थांबली.

“माय खोटं बोलून रायली,” ती म्हणाली. “चाळीस किलो हलकं नसते मॅडम. आन् बोटं काऊन लपवली मंग?”

सूर कुठे बदलतो हे तिला आता सापडलं होतं. तेरा ओळी कौतुकाच्या आणि चौदाव्या ओळीत मुलाने न बोलता पाहिलेली एक गोष्ट. पहिल्या उत्तरात ती ‘दुःखी’ म्हणाली होती ते पूर्ण चूक नव्हतं हेही यातून दोघींना कळलं. कवितेत दुखणं आहे, पण ते एका ओळीत आहे, एका मुठीत आहे आणि लपवलेलं आहे. सगळ्या कवितेवर ‘दुःखी’ची चादर ओढली की ते लपवणंच दिसेनासं होतं.

सुरासाठी मुलांकडे शब्द फार थोडे असतात. आनंदी आणि दुःखी, फार तर करुण. कारण आपण रस शिकवतो आणि नवाच्या नऊ रसांची नावं पाठ करून घेतो, पण रोजच्या बोलण्यातले आवाज आपण कवितेला लावून दाखवत नाही. मी तिला विचारलं की गावात माणसं कशा कशा आवाजात बोलतात. तिने सांगितलेले शब्द मी फळ्यावर उतरवले आणि ते पुढे सगळ्या वर्गाला दिले: कौतुक, काळजी, टोमणा, लटका राग, खरा राग, हळहळ, विनवणी, आठवण, बढाई, समजूत. यांतला प्रत्येक शब्द त्यांनी ऐकलेला आहे. ‘तुझं बरं आहे बाबा’ या ओळीला तिने लगेच ‘लटका राग’ म्हटलं. धुक्यावर रागावून काय करणार, असं तिचं म्हणणं. ‘करुण’पेक्षा हे किती नेमकं आहे.

आता प्रतिमांचा प्रश्न. मला स्वतःला या भागातून सर्वात जास्त शिकायला मिळालं.

‘ढग = कापूस’ या तिच्या उत्तरात कोडं सोडवल्यासारखं आहे. ढग म्हणजे काय, तर कापूस, संपलं. पण प्रतिमा कोड्यासारखी सोडवून फेकून द्यायची नसते. कवीने कापूस हा शब्द सोडून ढग हा शब्द का निवडला, हा खरा प्रश्न. यासाठी तिच्याकडून दोन याद्या करून घेतल्या. ढग आणि कापूस कशात सारखे आहेत: पांढरे, मऊ, फुगलेले. ढगाजवळ असं काय आहे जे कापसाजवळ नाही: तो उंच असतो, हाती लागत नाही, कोणाच्या मालकीचा नसतो, तरंगतो. थोडं थांबून तिने पाचवी गोष्ट घातली, “ढगाले कोनी तोलत नाई.” प्रतिमेचा अर्थ जवळजवळ नेहमी दुसऱ्या यादीत असतो. पहिली यादी प्रतिमा ओळखायला पुरते. कवितेने तिचं काय केलं ते दुसरी यादी सांगते. जे कोणी तोलत नाही ते काट्यावर चढलं आणि त्याला किलोचा आकडा लागला. सकाळी आभाळ, संध्याकाळी चाळीस किलो.

तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाने पेपरात लिहिलं होतं की ढग म्हणजे पावसाची आशा, शेतकरी ढगांकडे डोळे लावून बसतो. गाईडात ढगाचा अर्थ असाच असतो. मी हे तिला वाचून दाखवलं तर ती हसलीच. “बोंड फुटल्यावर पाऊस आला तं कापूस खराब होते मॅडम. वेचणीच्या टायमाले कोन पाऊस मांगते?” बरोबर आहे. फुटलेल्या बोंडावर पाऊस पडला की कापूस भिजतो, त्याचा रंग जातो आणि भाव उतरतो. म्हणजे या कवितेतल्या ढगाला पाऊस चिकटवला तर तो कवितेच्या विरुद्ध जातो. पहिल्या उत्तरात तिचं गावाचं ज्ञान कवितेच्या आड आलं होतं. इथे त्याच ज्ञानाने एक चुकीचा अर्थ एका वाक्यात बाद केला. फरक एवढाच की पहिल्या वेळी तिने ते कवितेच्या जागी ठेवलं आणि या वेळी कवितेतल्या शब्दाला लावून पाहिलं.

ही सीमा नेमकी कुठे आखायची यावर आमचा थोडा वाद झाला. तिचं म्हणणं, दव असताना वेचलेला कापूस ओला राहतो, म्हणून ऊन चढल्यावर वेचायला जावं असं तिच्या घरी म्हणतात. तर धुकं ‘थांब’ म्हणतं ते बरोबरच म्हणतं, ते आईच्या भल्याचं बोलतं. वाचन सुंदर आहे. पण कविता कारण देते ते ‘अजून उजाडलं नाही’ एवढंच, दवाचं नाव नाही. मी सांगितलं, हे लिहायचं असेल तर एका वाक्यात लिही, ‘असावे’ लावून लिही आणि त्याच्यावर उत्तराचा पाया ठेवू नको. तसंच मजुरीचं. संध्याकाळी वजन होतं यावरून ती किलोच्या हिशोबाने मजुरीवर वेचत असावी, कारण आमच्याकडे वेचणीची मजुरी किलोमागे मिळते. हा अंदाज शब्दांतून निघतो, म्हणून तो चालतो. ‘तिला कमी मजुरी मिळते’ हे मात्र कुठूनच निघत नाही. मराठीत यासाठी क्रियापदंच मदतीला येतात. शब्दांत दिसतं त्याला ‘आहे’, शब्दांतून निघतं त्याला ‘असावे’ किंवा ‘सूचित होते’, आणि निघत नाही ते लिहायचं नाही. तपासणाऱ्याला या एका क्रियापदावरून कळतं की मुलाने आधार शोधला की ठोकून दिलं.

याच बैठकीत तिने मला न दिसलेली एक गोष्ट दाखवली. आठव्या ओळीत ‘काटे’ आहेत आणि अकराव्या ओळीत ‘काट्यावर’ आहे. एक बोंडाचा, वाळलेल्या बोंडाची टोकं खरोखर काट्यासारखी लागतात, आणि दुसरा वजनाचा. कविता मी लिहिली, पण ही जोडी माझ्या ध्यानात नव्हती. ती म्हणाली, दोन्ही ठिकाणी बोचते. मी तिला हे उत्तरात घ्यायला सांगितलं नाही, कारण प्रश्न ढग आणि आभाळाचा होता आणि विचारलं नाही ते लिहिण्यात वेळ जातो. पण पुढच्या वर्षी हीच कविता दिली तर ‘काटा’ हा प्रश्न नक्की असेल.

दुसऱ्या दिवशी तिने उत्तरं परत लिहून आणली. वाक्यं आता पूर्ण होती, पण दोन दोष होते आणि दोन्ही होतकरू मुलांत नेहमी दिसतात. एक, सुराचं उत्तर असं सुरू होत होतं: “कवितेचा सूर प्रेमळ, कौतुकाचा, काळजीचा, लटक्या रागाचा, दुःखाचा आणि आनंदाचा आहे.” एवढे सूर एकदम लावले की एकही ठरत नाही. तपासणारा त्याला अंदाजपंचे म्हणतो आणि ते बरोबर आहे. मुख्य सूर एक ठरवायचा, फार तर दोन जवळचे शब्द, आणि बदल असेल तर कुठल्या ओळीपासून ते सांगायचं. दुसरा दोष वाक्यरचनेचा होता.

“कारण ‘ढग मात्र मऊच राहतो, तिचा हात तो ओळखतो, वाटतं’.”

‘कारण’ने सुरू केलं, ओळ उतरवली, अवतरणचिन्ह बंद केलं, पूर्णविराम दिला. हे वाक्य नाही. त्याला कर्ता नाही, क्रियापद आहे ते कवितेचं आहे, उत्तराचं नाही. ओळ स्वतःच बोलेल असं मुलांना वाटतं, पण तपासणाऱ्याने ती ओळ वाचलेलीच असते. त्याला हवं असतं ते मुलाने त्या ओळीबद्दल काय म्हटलं. मी तिला दोन सवयी लावल्या. कवितेतले दोन ते पाच शब्द उचलायचे, अख्खी ओळ नाही. आणि ते शब्द स्वतःच्या वाक्याच्या पोटात घालायचे, म्हणजे त्यांच्यापुढे ‘या शब्दांतून’, ‘या वाक्यात’, ‘असे म्हणताना’ असं काहीतरी आलं की क्रियापद आपोआप आपलं येतं. पहिल्या वाक्यासाठी प्रश्नातलेच शब्द वापरायचे. ‘कवितेत कोण बोलत आहे’ असं विचारलं तर ‘या कवितेत … बोलत आहे’ असं सुरू करायचं. यामुळे उत्तर आपोआप पूर्ण वाक्यात येतं आणि प्रश्न सोडून भरकटायची शक्यताही कमी होते. नुसतं ‘मुलगा’ असं लिहिलं की कोणाचा मुलगा, कशावरून, हे दोन्ही हवेत राहतं.

तिसऱ्या दिवशीची उत्तरं ही.

पहिलं: “या कवितेत वेचणीला जाणाऱ्या बाईचा मुलगा बोलत असावा. तो तिला ‘आई’ म्हणतो आणि शेवटी ती त्याला ‘हलकंच होतं रे’ असे सांगते. यातील ‘रे’वरून ती मुलाशी बोलत आहे हे कळते.”

(“पोरीले ‘वं’ म्हनली असती,” हे तिने मला तोंडी सांगितलं. लिहिलं नाही, बरं केलं.)

दुसरं: “कवितेत कापूस हा शब्द न वापरता त्याला ‘ढग’ आणि ‘आभाळ’ म्हटले आहे. ढग फुटलेल्या बोंडासारखा पांढरा आणि मऊ असतो, पण तो उंच असतो आणि कोणाच्या हाती लागत नाही. ‘सांजेपर्यंत उतरवायचंय आभाळ’ असे आई म्हणते तेव्हा तिचे रोजचे काम फार मोठे वाटू लागते. संध्याकाळी त्याच आभाळाचे वजन ‘चाळीस किलो’ होते. ढगाला कोणी तोलत नाही, तो इथे तोलला जातो, त्यामुळे तिने दिवसभर उचललेला भार आपल्याला जाणवतो.”

तिसरं: “या कवितेचा मुख्य सूर कौतुकाचा आहे. आई धुक्याशी बोलते आणि ढग ‘तिचा हात’ ओळखतो या कल्पनांतून मुलाला आईचे काम नवलाचे वाटते हे दिसते. शेवटच्या ओळीत हा सूर बदलतो. आई ‘हलकंच होतं रे’ म्हणून हसते, पण ‘बोटं मुठीत लपवते’, आणि मुलाला ते दिसते. तो त्यावर काहीच बोलत नाही, त्यामुळे त्याच्या कौतुकात काळजी मिसळल्याचे जाणवते.”

मी दोन, तीन आणि तीन दिले. आमच्याच शाळेतल्या दुसऱ्या एका शिक्षकांना नाव झाकून दाखवलं तर त्यांनी सुराला अडीच दिले. त्यांचं मत, शेवट करुण आहे आणि तिने ‘काळजी’ असा सौम्य शब्द वापरला. मी मान्य केलं नाही. मुलगा रडत नाही, कोणाला दोष देत नाही, फक्त पाहतो. पण कोणी ‘करुण’ लिहून मुठीचा आधार दिला असता तर मीही पूर्ण गुण दिले असते. सुराला एकच शब्द बरोबर असतो असं नाही. शब्दाखाली ओळ आहे की नाही एवढंच पाहायचं.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि तो अजून सुटलेला नाही. ऐंशी गुणांना तीन तास म्हणजे गुणाला सव्वादोन मिनिटं, आठ गुणांना अठरा. पहिल्या दिवशी तिला कविता वाचून लिहायला बारा मिनिटं लागली होती, तिसऱ्या दिवशी घड्याळ लावलं तर एकतीस. आम्ही अठराची विभागणी अशी केली: दोनदा वाचन आणि पेन्सिलीच्या खुणा पाच मिनिटं, पहिलं उत्तर दोन, पुढची दोन प्रत्येकी पाच, आणि शेवटचं एक मिनिट फक्त क्रियापदं तपासायला. दोन याद्या पूर्ण लिहायच्या नाहीत, प्रतिमेच्या शब्दावर दुसऱ्या यादीतला एकच शब्द बारीक अक्षरात टाकायचा. तिने ‘ढग’वर ‘तोलत नाई’ असं लिहून ठेवलं होतं, तेवढं पुरलं.

फेब्रुवारीतल्या सराव पेपरात कविता वेगळी होती, गावातल्या आटत चाललेल्या विहिरीवरची. वर्गातल्या पुष्कळांनी पहिल्याच ओळीला दुष्काळ लिहिला. हिने सुराच्या उत्तराची सुरुवात “कवितेचा सूर लटक्या तक्रारीचा आहे” अशी केली होती, आणि खाली पेन्सिलीने ‘अगं’ या शब्दाभोवती गोल होता. प्रतिमेच्या उत्तराचं शेवटचं वाक्य अर्धवट राहिलं होतं. बाजूला समासात तिने वेळ टाकली होती, वीस मिनिटं.